साहेब बदलला हे तक्ता पाहून कळू नये

कारखान्याच्या सूचनाफलकावर एक दिवस नव्या रचनेचा तक्ता लागतो. सर्वांत वर व्यवस्थापकीय संचालक, त्याखाली तीन-चार चौकोन, त्यांच्याखाली आणखी काही चौकोन आणि सगळ्यांना जोडणाऱ्या रेघा. पाळी सुटताना माणसं त्यासमोर थांबतात आणि आपलं नाव शोधतात. नाव सापडत नाही, कारण तक्ता विभागप्रमुखांपाशीच संपलेला असतो. मग प्रश्न सुरू होतात. दिवाळीची रजा आता कोणाकडे मागायची? आधीच्या साहेबांनी मंजूर केलेली ओव्हरटाइम नवे साहेब मानतील का? या वर्षीचा शेरा कोण लिहिणार? माझ्या हाताखालची पोरं माझ्याकडेच राहणार की जाणार? तक्ता यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. उत्तरं मिळतात ती चहाच्या टपरीवर, आणि त्यातली निम्मी चुकीची असतात.

माझं म्हणणं असं आहे. पुनर्रचना जाहीर झाली असं तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा तिची झळ लागणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्याच्या नावाचं एक पान पडलेलं असेल. माझा वरिष्ठ कोण, रजा कोण देणार, शेरा कोण लिहिणार, माझ्या कामातलं काय बदललं, काय बदललं नाही आणि हे कोणत्या तारखेपासून, हे त्या पानावर लिहिलेलं हवं. तक्ता त्यानंतर लावला तरी चालेल. आणि हे प्रत्येक मालकाच्या मर्जीवर न सोडता युनियनबरोबरच्या करारांत आणि कंपन्यांच्या सेवानियमांत आलं पाहिजे, कारण कायदा ही बाजू आज जवळजवळ मोकळी सोडतो.

कायद्यात काय आहे ते आधी पाहू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम ९-अ कामगार चळवळीतल्या लोकांना तोंडपाठ असे. कामगाराच्या सेवाशर्तींत बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस द्यायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि ही तरतूद तिच्या कलम ४० मध्ये आली. कोणत्या बदलांना नोटीस लागते त्याची यादी आता संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. तीत वेतन आहे, भत्ते आहेत, कामाचे तास, रजा, पाळ्या, श्रेणीनुसार वर्गवारी, अंगवळणी पडलेली सवलत काढून घेणं, हे सगळं आहे. ‘तुझा वरिष्ठ बदलला’ हे मात्र त्यात नाही. कोणी कोणाच्या हाताखाली काम करायचं हा व्यवस्थापनाचा अधिकार मानला जातो, आणि तो असावाही. पण अधिकार असणं वेगळं आणि सांगण्याची जबाबदारी नसणं वेगळं.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. ही नोटीस फक्त ‘कामगारा’साठी आहे. पर्यवेक्षकाचं काम करणारा आणि महिन्याला १८ हजार रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस संहितेच्या व्याख्येत कामगार नाही. जुन्या कायद्यात हीच मर्यादा १० हजारांची होती. म्हणजे पुनर्रचनेत ज्याच्या हाताखालची माणसं काढून घेतली जातात, त्या सुपरवायझरला नोटिशीचा आधार मिळत नाही. सर्वांत मोठा फटका ज्याला बसतो, त्यालाच काही लेखी कळवण्याचं बंधन नाही. त्यातच प्रमाणित स्थायी आदेशांची, म्हणजे मंजूर करून घेतलेल्या लेखी सेवानियमांची, सक्ती संहितेने ३०० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या आस्थापनांपुरती ठेवली. भोसरी, सातपूर, वाळूज, कुडाळ या पट्ट्यांतले कितीतरी कारखाने त्याहून लहान आहेत. तिथे हा नियम करारातून किंवा कंपनीच्या स्वतःच्या धोरणातूनच येऊ शकतो.

मोठ्या बदलांत कायद्याने एक बाजू नीट सांभाळल्याची उदाहरणं आहेत. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ जाऊन सूत्रधारी कंपनी, महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती अशा चार कंपन्या झाल्या. मंडळाचे कर्मचारी नव्या कंपन्यांत जाताना त्यांच्या सेवाशर्ती आधीपेक्षा कमी हिताच्या असू नयेत, ही हमी २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १३३ मध्येच होती. ही हमी मोलाची आहे. तरी ती ‘काय जाणार नाही’ एवढंच सांगते. उद्या सकाळी कोणाला भेटायचं, हे कोणताही कायदा सांगू शकत नाही. ते काम जाहीर करणाऱ्याचंच आहे.

ते कसं करायचं हे एका नमुन्याच्या कारखान्यावरून पाहू. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातला, यंत्रभाग बनवणारा, १४० माणसांचा कारखाना धरा. दुचाकीचे भाग आणि पंपाचे भाग अशी दोन प्रकारची कामं. आजची रचना खात्यांची आहे: उत्पादन, गुणवत्ता, देखभाल, भांडार, प्रत्येकाला एक प्रमुख. तक्रार अशी की पंपाच्या लाइनवरचं मशीन बंद पडलं की देखभाल खातं आधी दुचाकीच्या लाइनकडे धावतं, आणि कोणाचं काम आधी हे रोज नव्याने भांडून ठरतं. म्हणून १ ऑक्टोबरपासून दोन विभाग करायचे ठरलं, दुचाकी विभाग आणि पंप विभाग. प्रत्येक विभागाला एक प्रमुख, आणि त्याच्याच हाताखाली त्या लाइनचे ऑपरेटर, तपासनीस आणि फिटर.

पहिलं काम तक्ता काढण्याचं नाही, यादी करण्याचं आहे. १४० नावं, १४० ओळी. प्रत्येकापुढे आजचा वरिष्ठ, उद्याचा वरिष्ठ, पाळी, रजा मंजूर करणारा, शेरा लिहिणारा, खरेदीची किंवा सुट्या भागांच्या चिठ्ठीवर सही करण्याची मर्यादा, आणि बसण्याची किंवा कामाची जागा. ही यादी एचआरने एकट्याने केली तर ती चुकते. हजेरीच्या यंत्रणेत ज्याचं नाव वरिष्ठ म्हणून असतं आणि शॉपवर जो प्रत्यक्षात काम सांगतो, ते दोघं बऱ्याचदा वेगळे असतात. म्हणून ‘आजचा वरिष्ठ’ हा रकाना पाळी-सुपरवायझरच्या शेजारी बसूनच भरावा लागतो. नव्या रचनेतले घोळही इथेच उघड होतात. एखाद्या ओळीत ‘उद्याचा वरिष्ठ’ रिकामा राहिला, किंवा तिथे दोन नावं आली, तर रचनाच अजून पुरती ठरलेली नाही असं समजावं. ती ओळ भरेपर्यंत जाहीर करू नये.

यादी भरली की माणसांचे चार गट पडतात. आपल्या नमुन्यात ५९ जणांचं काहीच बदलत नाही. ५८ जणांचा वरिष्ठ बदलतो, काम तेच राहतं. १९ जणांचं कामच बदलतं. आणि चौघांच्या हाताखालची माणसं कमी होतात किंवा संपतात. सर्वांत जास्त वेळ या चौघांवर घालवायचा आणि बदल सांगणारी सर्वांत जास्त पानं त्या ५८ जणांसाठी लिहायची. जिथे हे गट पाडलेच जात नाहीत, तिथे सगळ्यांना एकच पत्र जातं आणि त्यात ‘काही सहकाऱ्यांच्या जबाबदाऱ्यांत बदल होतील’ असं वाक्य असतं. त्या ‘काही’मध्ये आपण आहोत का, या विचारात १४० जण रात्र काढतात. त्यातल्या ५९ जणांना ती काढायची काहीच गरज नव्हती.

आता एक पान जवळून पाहू. दुसऱ्या पाळीची एक तपासनीस आहे. आजवर ती गुणवत्ता व्यवस्थापकाला उत्तर देत होती. १ ऑक्टोबरपासून ती दुचाकी विभागप्रमुखाकडे जाते. ऐकायला हा साधा बदल आहे. पण तिचं काम आहे माल नापास करणं, आणि तिचा नवा साहेब त्याच मालाच्या रवानगीला जबाबदार आहे. महिन्याच्या ३० तारखेला रात्री दहा वाजता, गाडी भरायला उभी असताना, बोअरचं माप मर्यादेबाहेर निघालं तर तिने कोणाचं ऐकायचं? वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकात याबद्दल स्पष्ट अपेक्षा आहे. दर्जाची जबाबदारी असलेल्या माणसाला रवानगी आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार हवा, आणि असा माणूस प्रत्येक पाळीत हवा. तक्त्यावर हे एका तुटक रेघेने दाखवतात. तुटक रेघेचा अर्थ मात्र जो तो आपल्या सोयीने लावतो.

म्हणून तिच्या पानावर रेघ नको, वाक्यं हवीत. ती साधारण अशी असावीत:

‘१ ऑक्टोबरपासून तुमचे वरिष्ठ दुचाकी विभागप्रमुख असतील. हजेरी, रजा, पाळी आणि ओव्हरटाइम तेच मंजूर करतील. माल पास-नापास ठरवणं, सवलतीने माल सोडण्याची परवानगी आणि मोजमापाच्या उपकरणांची तपासणी या बाबतींत तुम्ही पूर्वीप्रमाणेच गुणवत्ता व्यवस्थापकांना उत्तर द्याल. नापास केलेला माल विभागप्रमुख सोडू शकणार नाहीत. दोघांत मतभेद झाला तर माल थांबेल आणि निर्णय कारखाना व्यवस्थापक घेतील. रात्री त्यांना फोन करण्याचा अधिकार तुम्हाला आहे. या वर्षीचं मूल्यमापन विभागप्रमुख लिहितील. तपासणीच्या कामाचा भाग गुणवत्ता व्यवस्थापक लिहितील आणि तो भाग बदलता येणार नाही. तुमचं पद, वेतन, पाळी आणि कामाची जागा यांत बदल नाही.’

दहा-बारा ओळींतच हे मावतं. यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य मतभेदाचं आहे. दोन वरिष्ठ असण्यात गैर काही नाही. घरातही पोराला आई आणि वडील दोघंही सांगतात. पण दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर कोणाचं चालायचं, हे आधी ठरलेलं नसेल तर त्याचा भार सर्वांत खालच्या माणसावर पडतो. आणि हे ठरवताना वरचे दोघं आपसात अडले, तर वाद पानाचा नाही, रचनेचा आहे. तो जाहीर करण्याआधीच मिटवायला हवा. पान लिहायला बसलं की असे वाद बाहेर येतात. पानाचा खरा उपयोग मला इथेच दिसतो.

फिटरचं पान वेगळं आहे. देखभाल खात्यात नऊ फिटर होते. त्यातले आठ चार-चार करून दोन्ही विभागांत जातात आणि एक कॉम्प्रेसर, ट्रान्सफॉर्मर व जनरेटर पाहायला मागे राहतो. जाणाऱ्या आठ जणांचा वरिष्ठ बदलतो, पण तेवढंच नाही. आजवर ते पहिल्या पाळीतच येत. आता प्रत्येक विभागाला दुसऱ्या पाळीतही फिटर हवा, म्हणून आळीपाळीने पाळी बदलणार. इथे गोष्ट तिसऱ्या अनुसूचीत येऊ शकते आणि २१ दिवसांच्या नोटिशीचा प्रश्न उभा राहतो. ‘आम्ही फक्त रिपोर्टिंग बदललं’ असं म्हणत पाळीही बदलणं ही नेहमीची चूक आहे. ती लक्षात येते तेव्हा युनियनचं पत्र टेबलावर आलेलं असतं. म्हणून १ ऑक्टोबरचा बदल सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच जाहीर करावा आणि नोटीस त्याच दिवशी द्यावी. फिटरच्या पानावर पाळीचं वेळापत्रक, रात्री सुटल्यावर घरी जायला बस आहे की नाही, आणि पाळीभत्ता मिळणार असेल तर किती, हे आकड्यानिशी हवं. ‘नियमाप्रमाणे’ या शब्दाने कोणाचंही समाधान होत नाही.

आता देखभाल सुपरवायझर. हाताखाली नऊ माणसं होती, उद्या एक उरणार. पद तेच, पगार तोच, खुर्ची तीच. कागदावर त्याचं काहीच गेलेलं नाही, आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी त्याला सगळ्यांबरोबर सभेत कळतं. त्याच्या शेजारी त्याचे आठ फिटर उभे असतात. ते आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहतात, मग नव्या साहेबाकडे. याहून मोठा अपमान पुनर्रचनेत नसतो, आणि तो निव्वळ वेळेच्या चुकीने होतो.

त्याला एकट्याला बसवून सांगायला हवं, त्याच्या थेट वरिष्ठानेच, एचआरने नव्हे. अर्धा तास लागतो. पहिल्या दोन मिनिटांत मुख्य गोष्ट सांगायची: ‘१ ऑक्टोबरपासून आठ फिटर विभागांकडे जातील. तुमच्याकडे एक राहील. तुमचं पद आणि पगार तसाच राहील.’ तिची कडवट बाजू आधी कारखान्याच्या वाढीबद्दल दहा मिनिटं बोलून झाकू नये, कारण त्या दहा मिनिटांत माणूस ऐकत नसतो, पुढे काय येतंय याचा अंदाज बांधत असतो. मग कारण सांगावं, आणि ते खरं असावं. लाइन बंद राहण्याचे तास हे कारण असेल तर ते तास दाखवावेत. ‘तुमच्यावर मोठी जबाबदारी देतोय’ असं म्हणायचं असेल तर ती जबाबदारी नेमकी सांगता आली पाहिजे. इथे ती आहे: दोन्ही विभागांच्या प्रतिबंधक देखभालीचं वार्षिक वेळापत्रक, महत्त्वाच्या सुट्या भागांचा किमान साठा ठरवणं, आणि मोठा बिघाड झाला की दोन्ही विभागांच्या फिटरांवर त्या कामापुरता त्याचाच शब्द. हे शेवटचं वाक्य त्याच्या पानावर असून भागत नाही, ते आठही फिटरांच्या आणि दोन्ही विभागप्रमुखांच्या पानांवर हवं. एकाच्याच पानावर असलेला अधिकार चालत नाही.

त्याने विचारलं की ‘मग माझं प्रमोशन?’ तर उत्तर माहीत असेल तरच द्यावं. माहीत नसेल तर ‘३१ ऑक्टोबरपर्यंत सांगतो’ असं म्हणून ती तारीख त्याच्या पानावर लिहावी. पाळता येणार नाही ते आश्वासन त्या खोलीत फार सहज तोंडातून जातं, कारण समोरचा माणूस दुखावलेला असतो आणि बोलणाऱ्याला त्याला लगेच बरं वाटायला हवं असतं.

ज्यांचं काही बदलत नाही त्या ५९ जणांनाही चार ओळींचं पान द्यावं, असं मी आग्रहाने म्हणेन. भांडारातल्या कारकुनाला ‘तुमचा वरिष्ठ, काम, पाळी, जागा यांत बदल नाही, फक्त सुट्या भागांच्या चिठ्ठीवर आता देखभाल प्रमुखांऐवजी त्या-त्या विभागप्रमुखांची सही चालेल’ एवढं कळलं तर पहिल्या दिवशी भांडाराच्या खिडकीपुढे रांग लागत नाही. कागदावर ज्यांचं काहीच बदललं नाही त्यांच्याच टेबलावर सही कोणाची चालते हा प्रश्न पहिल्यांदा येतो. ही गोष्ट हमखास विसरली जाते.

कंत्राटी कामगारांचं पान मात्र कंपनीने आपल्या लेटरहेडवर देऊ नये. त्यांचा मालक कंत्राटदार आहे. त्यांना काय बदललं ते कंत्राटदाराच्या सुपरवायझरकडून, त्याच दिवशी, त्याच पाळीत कळायला हवं, आणि कंत्राटदाराला हे आदल्या दिवशी लेखी द्यायला हवं. बाळंतपणाच्या रजेवर, आजारी रजेवर किंवा ग्राहकाकडे बाहेरगावी असलेल्यांना त्याच दिवशी फोन करावा आणि पान घरी किंवा मेलवर पाठवावं. रजेवरून परतल्यावर आपला विभागच नाहीसा झालेला दिसणं हे कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

दिवस कोणता निवडायचा? या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. बुधवारी संध्याकाळी जाहीर केलं की माणसं अर्धवट माहिती घेऊन घरी जातात. दुसऱ्या दिवशी विचारायला कोणी भेटत नाही, आणि शुक्रवारी सकाळी अफवा पूर्ण शिजलेली असते. म्हणून शुक्रवार बरा: आठवड्याचा पहिला दिवस, तो धरून प्रश्न विचारायला सहा दिवस. सकाळी नऊ ते अकरा त्या चौघांशी एकेकट्याने बोलणं. त्यातला कोणी दुसऱ्या पाळीत असेल तर त्याला आधी बोलवावं आणि त्या वेळेचे पैसे द्यावेत. बारा वाजता युनियनच्या पदाधिकाऱ्यांना पानांचे नमुने दाखवावेत आणि २१ दिवसांची नोटीस द्यावी. पहिली पाळी सुटण्याआधी पंधरा मिनिटं तिची सभा, दुसरी पाळी सुरू होताच तिची. बोलणं पाच मिनिटांचं, आणि सभा संपायच्या आत पान हातात. चौघांना सांगणं आणि सगळ्यांना सांगणं यांत एक पूर्ण दिवस गेला तर बातमी फुटतेच, आणि मग ती चौघांपैकी कोणी फोडली याचा शोध सुरू होतो. काही तासांचं अंतर पुरेसं असतं. तेवढ्यात त्या चौघांना सावरायला वेळ मिळतो आणि आपल्या माणसांसमोर उभं राहताना त्यांना आधीपासून माहीत असतं.

संगणकाची एक चूक वारंवार होते. रजा आणि हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये वरिष्ठाचं नाव बदलायचं काम आयटीकडे आधी जातं आणि कोणीतरी ते गुरुवारीच करून टाकतं. मग एखादा ऑपरेटर घरी बसून रजेचा अर्ज भरतो, ‘मंजुरी’च्या रकान्यात त्याला अनोळखी नाव दिसतं, आणि शुक्रवारची सभा सुरू होण्याआधीच सगळ्यांच्या फोनवर त्याचा स्क्रीनशॉट फिरतो. सॉफ्टवेअरमध्ये पुढची तारीख टाकून बदल लावता येत असेल तर १ ऑक्टोबर टाकावी. येत नसेल तर बदल ३० सप्टेंबरच्या रात्री करावा. उलट बाजूची चूकही तितकीच महागात पडते. जुन्या साहेबाकडे पडून असलेले अर्ज बदलानंतर त्याच्या पडद्यावरून नाहीसे होतात किंवा तिथेच अडकतात. त्यामुळे ३० सप्टेंबरच्या संध्याकाळी प्रत्येक जुन्या वरिष्ठाकडचे प्रलंबित अर्ज शून्यावर आणायचे, हे कामाच्या यादीत नाव आणि वेळ टाकून लिहावं. ऑक्टोबर म्हणजे दिवाळीच्या रजांचे अर्ज आलेले असतात. जुन्या साहेबांनी मंजूर केलेली रजा नवे साहेब रद्द करणार नाहीत, हे वाक्य प्रत्येकाच्या पानावर असावं. या एका वाक्याने जितकी शांतता राहते तितकी भाषणाने राहत नाही.

मूल्यमापनाचा प्रश्न जरा खोल आहे. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. १ ऑक्टोबरला वर्ष बरोबर अर्धं झालेलं असतं. मार्चमध्ये नवा साहेब म्हणतो, ‘एप्रिल ते सप्टेंबरचं मला काय माहीत?’ आणि जुना साहेब म्हणतो, ‘आता माझ्याकडे नाहीत ते.’ पहिल्या सहा महिन्यांत जीव तोडून काम केलेल्या माणसाचं काम हवेत विरतं. यावर उपाय एकच, आणि तो बदलाच्या आधीच करावा लागतो: प्रत्येक जुन्या वरिष्ठाने प्रत्येक माणसाबद्दल अर्ध्या पानाची नोंद ३० सप्टेंबरच्या आत लिहायची, त्या माणसाला दाखवायची, त्याची सही घ्यायची. मार्चचा शेरा लिहिताना नव्या वरिष्ठाने ती जोडायची. त्याच नोंदीत एक रकाना तोंडी शब्दांचा ठेवावा: ‘पुढच्या वर्षी सीएनसीवर बसवतो’, ‘प्रशिक्षणाला पाठवतो’, ‘सकाळी अर्धा तास उशिरा आलात तर चालेल, मुलीला शाळेत सोडता म्हणून’. असे शब्द साहेबाबरोबर निघून जातात. नव्या साहेबाने ते पाळावेत असा आग्रह नाही, पण ते माहीत असूनच त्याने हो किंवा नाही म्हणावं. अर्ध्या तासाची सवलत अनेकांना वर्षानुवर्षं मिळत आली असेल तर ती अंगवळणी पडलेली सवलत ठरू शकते, आणि ती गुपचूप काढणं पुन्हा त्या अनुसूचीपाशी आणून सोडतं.

याला विरोध होतो तो मुख्यतः दोन मुद्द्यांवर. पहिला वेळेचा. १४० पानं लिहायला वेळ कुठे आहे? प्रत्यक्षात ५९ पानांचा एकच मसुदा आहे. ५८ जणांच्या पानांचे तीन-चार मसुदे होतात, कारण तपासनीस तपासनिसासारखाच असतो. १९ जणांची पानं जरा वेगवेगळी, चौघांची पूर्ण वेगळी. यादी नीट भरलेली असेल तर दोन माणसांचं तीन-चार दिवसांचं काम आहे. यादी भरलेली नसेल तर ते खरोखरच अशक्य वाटतं, पण तेव्हा अडचण पानांची नसते.

दुसरा मुद्दा वकिलांचा आहे आणि त्यात तथ्य आहे. लेखी दिलं की उद्या ते कोर्टात दाखवलं जाईल. म्हणून पानात काय लिहायचं नाही हेही ठरलेलं हवं. ‘कोणाचीही नोकरी जाणार नाही’ हे वाक्य, ते किती काळासाठी खरं आहे हे सांगता येत नसेल, तर लिहू नये आणि बोलूही नये. रचनेबरोबर काही जागा कमी होणार असतील तर त्या माणसांना आधी, वेगळं आणि कायद्याने ठरलेल्या नोटिशीने सांगावं. ही पानं त्या कामासाठी नाहीत. पानाच्या शेवटी ‘नेमणूकपत्रातल्या इतर अटी पूर्वीप्रमाणेच’ हे वाक्य असावं. एवढं केलं की पान वस्तुस्थिती सांगतं, नवं वचन देत नाही. लेखी न दिल्याने धोका टळतो असंही नाही. तपासणिसाने कोणाच्या सांगण्यावरून माल सोडला, हा प्रश्न ग्राहकाची तक्रार आल्यावर विचारलाच जातो, आणि तेव्हा कागद नसणं कंपनीलाच नडतं.

युनियनच्या करारात यासाठी एकच कलम पुरेल: वरिष्ठ, रजा मंजूर करणारा, मूल्यमापन करणारा किंवा हाताखालची माणसं यांत बदल झाल्यास संबंधिताला, तो व्याख्येने कामगार असो वा नसो, किमान दहा दिवस आधी त्याच्या भाषेत लेखी कळवलं जाईल. ‘त्याच्या भाषेत’ हे शब्द गाळू नयेत. शॉपवर मराठी आणि हिंदी बोलली जाते आणि पत्रं इंग्रजीत निघतात. त्यामुळे पत्राचा अर्थ सांगणारा मधला माणूसच खरी घोषणा करत असतो.

बदल लागू झाल्यावर महिन्याभराने एक तपासणी करावी. दोन्ही पाळ्यांत मिळून पंधरा जणांना, कागद न दाखवता, तीनच प्रश्न विचारावेत: तुमची रजा कोण मंजूर करतं, या वर्षीचा शेरा कोण लिहिणार, आणि दोन साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या तर कोणाचं ऐकता. पहिल्या दोन प्रश्नांना एक-दोन जण अडखळले तर त्यांना पुन्हा समजावून सांगता येतं. तिसऱ्या प्रश्नाला तपासनिसांपैकी कोणी ‘जो समोर असेल त्याचं’ असं म्हणालं, तर विभागप्रमुख आणि गुणवत्ता व्यवस्थापक या दोघांना त्याच दिवशी एका टेबलाशी बसवावं आणि मतभेदाचं ते वाक्य तपासनिसांच्या देखत पुन्हा वाचावं.